औषधांची यादी नको, रिसेप्टरचा तक्ता हवा: विंचूदंश आणि प्राझोसिन यांच्या उदाहरणातून स्वायत्त औषधशास्त्र

या पाठात काय शिकाल

- स्वायत्त मज्जासंस्थेवरील औषधांचा तक्ता कोणत्या क्रमाने बांधावा
- रुग्णाच्या लक्षणांवरून तक्ता उलट दिशेने कसा वाचावा
- लाल विंचवाच्या दंशात प्राझोसिन का चालते, आणि अ‍ॅट्रोपिन व प्रोप्रानोलोल का चालत नाहीत
- शेतीच्या कीटकनाशकाने झालेल्या विषबाधेत मात्र अ‍ॅट्रोपिनच का द्यावे लागते

१. प्रश्न कुठे अडतो

स्वायत्त मज्जासंस्थेची औषधे शिकताना बहुतेक विद्यार्थी दोन रकान्यांची यादी करतात. एका बाजूला औषधाचे नाव, दुसऱ्या बाजूला उपयोग. त्या यादीत प्राझोसिनसमोर "उच्च रक्तदाब, प्रोस्टेटची वाढ" असे लिहिलेले असते. तोंडी परीक्षेत प्राझोसिनचे उपयोग विचारले तर एवढे उत्तर पुरते.

पण आता हा प्रश्न पाहा. रायगड जिल्ह्यातील महाडच्या परिसरात एका मुलाला लाल विंचू चावला आहे. मूल घामाने भिजले आहे, दोनदा उलटी झाली आहे, हातपाय गार पडले आहेत. त्याला प्राझोसिनची गोळी दिली जाते. का? तुमच्या यादीत "विंचूदंश" हा शब्द प्राझोसिनसमोर नाही. आणि घाम व लाळ पाहून यादीतले जे नाव आधी आठवते ते अ‍ॅट्रोपिन, ते इथे उपयोगाचे नाही, उलट धोक्याचे आहे.

हे उदाहरण काल्पनिक उपचाराचे नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना विंचूदंशाचे रुग्ण बारकाईने पाहिले. विंचूदंशात हृदयावर परिणाम होणार आहे हे आधी सांगणाऱ्या लक्षणांवरचा त्यांचा लेख १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला, आणि प्राझोसिनच्या वापरावरचा, डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह लिहिलेला लेख १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात आला. पश्चिम महाराष्ट्रातील गंभीर विंचूदंशात पूर्वी सुमारे ३० टक्के रुग्ण दगावत. प्राझोसिनच्या वापरानंतर हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आल्याचे या कामातून नोंदले गेले.

हा विंचू केवळ कोकणातला नाही. त्याच्या शास्त्रीय नावात 'टॅम्युलस' हा शब्द आहे, आणि तो तमिळनाडूतही आढळतो. त्यामुळे तुम्ही महाडला शिकत असा किंवा चेन्नईला, हा रुग्ण तुमच्याही आपत्कालीन विभागात येऊ शकतो. या पाठात आपण प्राझोसिनची निवड पाठ करणार नाही, तर तक्त्यावरून ती काढणार आहोत.

२. तक्ता बांधण्याचा क्रम

तक्ता औषधापासून सुरू करू नका. क्रम असा ठेवा: रिसेप्टर कोणता, तो शरीरात कुठे आहे, तो चालू झाला की काय होते, त्याला चालू करणारे औषध कोणते, बंद करणारे कोणते. औषधाचे नाव शेवटच्या दोन रकान्यांत येते. असे केल्यावर नवे औषध समोर आले तरी नवी ओळ लिहावी लागत नाही, फक्त त्याचा रकाना शोधावा लागतो.

त्याआधी चेतातंतूंबद्दल तीन गोष्टी पक्क्या करा.

पहिली, स्वायत्त संस्थेच्या दोन्ही शाखांत, म्हणजे सिंपथेटिक (अनुकंपी) आणि पॅरासिंपथेटिक (परानुकंपी) यांत, गुच्छिकेपाशी, म्हणजे गँग्लियनमध्ये, अ‍ॅसिटिलकोलिनच सुटते आणि तिथला रिसेप्टर निकोटिनिक असतो.

दुसरी, पुढे अवयवापाशी फरक पडतो. पॅरासिंपथेटिक तंतू अ‍ॅसिटिलकोलिन सोडतात आणि ते मस्कॅरिनिक रिसेप्टरवर काम करते. सिंपथेटिक तंतू नॉरअ‍ॅड्रिनॅलिन सोडतात आणि ते अल्फा व बीटा रिसेप्टरवर काम करते. अधिवृक्क ग्रंथीचा आतला भाग, म्हणजे अ‍ॅड्रिनल मेड्युला, रक्तात मुख्यतः अ‍ॅड्रिनॅलिन सोडतो.

तिसरी गोष्ट अपवादाची आहे, आणि आजचे उदाहरण तिच्यावरच उभे आहे. घामाच्या ग्रंथींना जाणारे तंतू सिंपथेटिक आहेत, पण ते अ‍ॅसिटिलकोलिन सोडतात. म्हणून घामाच्या ग्रंथीवरचा रिसेप्टर मस्कॅरिनिक आहे. घाम दिसला म्हणजे पॅरासिंपथेटिक शाखा जागी झाली, असा निष्कर्ष काढता येत नाही.

आता तक्ता पाहा. यात सर्व रिसेप्टर नाहीत. आज लागणारे तेवढेच घेतले आहेत.

तक्ता १: रिसेप्टर, परिणाम, औषध

| रिसेप्टर | मुख्य ठिकाण | चालू झाल्यावर परिणाम | चालू करणारे | बंद करणारे |
|---|---|---|---|---|
| अल्फा-१ | धमन्या व शिरांचे स्नायू, बाहुली मोठी करणारा स्नायू, मूत्राशयाचे तोंड | आकुंचन: रक्तदाब वाढतो, त्वचा गार पडते, बाहुली मोठी होते, लघवी अडते | फेनिलएफ्रिन | प्राझोसिन |
| अल्फा-२ | सिंपथेटिक तंतूचे टोक | नॉरअ‍ॅड्रिनॅलिन सुटणे कमी होते | क्लोनिडिन | योहिम्बिन |
| बीटा-१ | हृदय, मूत्रपिंड | ठोके व जोर वाढतो, रेनिन सुटते | डोब्युटामिन | मेटोप्रोलोल |
| बीटा-२ | श्वासनलिका, हाडांना जोडलेल्या स्नायूंतील रक्तवाहिन्या, गर्भाशय | स्नायू सैल पडतो, वाहिन्या रुंदावतात | साल्ब्युटामॉल | प्रोप्रानोलोल |
| एम-२ | हृदय | ठोके मंदावतात | अ‍ॅसिटिलकोलिन | अ‍ॅट्रोपिन |
| एम-३ | ग्रंथी, श्वासनलिका, आतडे, बाहुली लहान करणारा स्नायू | स्राव वाढतो, आकुंचन होते, बाहुली लहान होते | पायलोकार्पिन | अ‍ॅट्रोपिन |
| निकोटिनिक (स्नायूवरील) | चेता आणि स्नायू यांचा सांधा | स्नायू आकुंचन पावतो | अ‍ॅसिटिलकोलिन | व्हेक्युरोनियम |

तक्त्याखाली दोन टिपा लिहून ठेवा. काही औषधे एकाहून जास्त ओळींत बसतात: प्रोप्रानोलोल बीटा-१ आणि बीटा-२ दोन्ही बंद करते, फेंटोलामिन अल्फा-१ आणि अल्फा-२ दोन्ही बंद करते, अ‍ॅट्रोपिन सर्व मस्कॅरिनिक रिसेप्टर बंद करते पण निकोटिनिकला हात लावत नाही. औषध किती ओळींत बसते हीच त्याची खरी ओळख आहे.

दुसरी टीप अल्फा-२ बद्दल. हा रिसेप्टर नॉरअ‍ॅड्रिनॅलिन सोडणाऱ्या तंतूच्याच टोकावर बसलेला असतो. बाहेर नॉरअ‍ॅड्रिनॅलिन पुरेसे झाले की ते याच रिसेप्टरला लागते आणि तंतू आणखी सोडणे कमी करतो. म्हणजे तो एक ब्रेक आहे. ब्रेक बंद केला तर गाडी थांबत नाही, वेग वाढतो. हे वाक्य पुढे लागणार आहे.

३. विष तक्त्यात कुठे बसते

लाल विंचवाच्या विषातील प्रथिने चेतातंतूंवरील सोडियम चॅनेल लवकर बंद होऊ देत नाहीत. चॅनेल उघडे राहिले की तंतू पुन्हा पुन्हा उद्दीपित होतो आणि त्याच्या टोकाशी साठलेले रसायन सुटत राहते. विष कोणत्याही एका रिसेप्टरला थेट चालू करत नाही. ते तक्त्याच्या मागे, तंतूच्या पातळीवर काम करते. म्हणून दोन्ही शाखा एकदम जाग्या होतात: अ‍ॅसिटिलकोलिनही सुटते आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिन, अ‍ॅड्रिनॅलिनही सुटतात.

पण दोघांचा काळ सारखा नसतो. अ‍ॅसिटिलकोलिनचे परिणाम सुरुवातीला दिसतात आणि ते तुलनेने लवकर ओसरतात. अ‍ॅड्रिनॅलिन व नॉरअ‍ॅड्रिनॅलिनचे परिणाम पुढे कित्येक तास टिकतात, आणि जीव जातो तो त्यांच्यामुळे. आता लक्षणे घेऊन तक्ता उलट दिशेने वाचू.

तक्ता २: लक्षणावरून रिसेप्टरकडे

| लक्षण | कोणता रिसेप्टर | किती काळ |
|---|---|---|
| उलटी, लाळ | एम-३ | सुरुवातीला |
| भरपूर घाम | एम-३ (सिंपथेटिक तंतूमार्फत) | सुरुवातीपासून |
| मुलग्यांत शिश्न ताठ राहणे | मस्कॅरिनिक | सुरुवातीला |
| ठोके मंद | एम-२ | सुरुवातीला, थोडा वेळ |
| हातपाय गार | अल्फा-१ | टिकून राहते |
| रक्तदाब वाढलेला | अल्फा-१, बीटा-१ | टिकून राहते |
| ठोके जलद | बीटा-१ | टिकून राहते |
| फुप्फुसांत पाणी, फेसाळ कफ | अल्फा-१ मुळे हृदयावरचा भार, थकलेले हृदय | उशिरा, जिवावरचे |

या तक्त्यातील एक जोडी नीट पाहा. मुलाचा हात हातात घेतला तर तो ओलाही आहे आणि गारही आहे. ओला आहे तो एम-३ मुळे, गार आहे तो अल्फा-१ मुळे. एकाच तळहातावर दोन ओळी एकाच वेळी वाचायला मिळतात. फक्त घाम पाहिला तर तुम्ही मस्कॅरिनिक ओळीवर थांबाल. हात गार आहे हेही लक्षात घेतले तर खरा धोका कोणत्या ओळीत आहे ते कळेल. १९८२ च्या लेखातील सूचक लक्षणांत उलटी, घाम आणि शिश्न ताठ राहणे यांच्या जोडीला गार हातपाय आहेत, त्याचा अर्थ हाच.

शेवटची ओळ कशी घडते तेही समजून घ्या. अल्फा-१ मुळे धमन्या आवळल्या की हृदयाला अधिक दाबाविरुद्ध रक्त ढकलावे लागते. शिरा आवळल्या की हृदयाकडे परत येणारे रक्तही वाढते. एकीकडे आत येणारे जास्त, दुसरीकडे बाहेर जाण्याची वाट अरुंद. त्यात कॅटेकोलामाइनच्या माऱ्याने हृदयाचा स्नायू दुबळा होत असतो. डावे हृदय हा भार पेलू शकले नाही की रक्त फुप्फुसांत तुंबते आणि पाणी पाझरते.

४. चार औषधे तक्त्यावर तपासू

आता या मुलासाठी चार औषधांचा विचार करा आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारा: हे कोणत्या ओळी बंद करते आणि कोणत्या उघड्या ठेवते?

*अ‍ॅट्रोपिन.* एम-२ आणि एम-३ बंद होतील. घाम आणि लाळ कमी होईल, त्यामुळे मूल सुधारले असे वाटेल. पण एम-२ हा हृदयाचा ठोके मंद ठेवणारा रिसेप्टर आहे. तो बंद झाला की बीटा-१ ला अडवणारे कोणी उरत नाही आणि ठोके आणखी वाढतात. अल्फा-१ ची ओळ तशीच चालू आहे, म्हणजे हृदयावरचा भार कमी झालेला नाही. जी लक्षणे आपोआप ओसरणार होती ती घालवली आणि जीवघेणी तशीच ठेवली. म्हणून लाल विंचवाच्या दंशात घाम आणि लाळ पाहून अ‍ॅट्रोपिन देऊ नये.

*प्रोप्रानोलोल.* ठोके जलद आहेत, रक्तदाब वाढला आहे, मग बीटा रिसेप्टर बंद करावा असे सुचते. पण तक्ता पाहा. बीटा-२ बंद झाला की स्नायूंतील वाहिन्या रुंद करणारी एकमेव वाट बंद होते आणि अल्फा-१ चे आकुंचन बिनविरोध चालते. बीटा-१ बंद झाला की दुबळ्या हृदयाचा उरलासुरला जोरही कमी होतो. भार वाढला आणि तो ओढणाऱ्याची ताकद घटली. फुप्फुसांत पाणी भरायला याहून सोपी वाट नाही.

*फेंटोलामिन.* आपण योग्य ओळीपर्यंत आलो, अल्फा-१ बंद होईल. पण हे औषध अल्फा-२ ही बंद करते. तो ब्रेक होता. ब्रेक निघाला की तंतूच्या टोकाकडून आणखी नॉरअ‍ॅड्रिनॅलिन सुटते आणि ते उघड्या असलेल्या बीटा-१ वर जाऊन ठोके वाढवते.

*प्राझोसिन.* अल्फा-१ बंद, अल्फा-२ चालू. धमन्या सैल पडल्या, हृदयावरचा भार उतरला. शिरा सैल पडल्या, परत येणारे रक्त कमी झाले. ब्रेक शाबूत असल्यामुळे नॉरअ‍ॅड्रिनॅलिन सुटण्यावर अंकुश राहिला. बीटा-१ ला हात न लावल्यामुळे हृदयाचा जोर टिकला. शिवाय ही तोंडाने घ्यायची साधी गोळी आहे. ठिबक यंत्र किंवा अतिदक्षता कक्ष नसलेल्या ग्रामीण केंद्रातही ती देता येते. या उपचाराचा प्रसार होण्यात या शेवटच्या गोष्टीचा वाटा मोठा आहे.

उत्तर यादीतून आले नाही. चार औषधे एकाच तक्त्यावर ठेवली आणि तीन गळाली.

५. मात्रा आणि लक्ष: एक सोडवलेले उदाहरण

समजा मुलाचे वजन १५ किलो आहे. लहान मुलांसाठी वापरली जाणारी मात्रा दर किलोला ३० मायक्रोग्रॅम. म्हणून ३० × १५ = ४५० मायक्रोग्रॅम. साधी गोळी १ मिलिग्रॅमची, म्हणजे १००० मायक्रोग्रॅमची असेल, तर अर्धी गोळी म्हणजे ५०० मायक्रोग्रॅम, हिशेबाच्या जवळ. गोळी साधीच हवी. प्राझोसिनच्या हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्याही मिळतात. त्या तोडल्या तर त्यांची रचना मोडते आणि न तोडता दिल्या तर परिणामाला उशीर होतो. इथे दोन्ही परवडत नाही.

गोळी दिल्यावर मुलाला आडवे ठेवतात, कडेवर उभे धरू देत नाहीत. का, ते तक्त्यात आहे. उभे राहिले की रक्त पायांकडे उतरते आणि एरवी अल्फा-१ मुळे शिरा आवळून ते वर ढकलले जाते. आपण तीच ओळ बंद केली आहे, म्हणून पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम घसरू शकतो. मुलाने उलट्यांत आणि घामात बरेच पाणी गमावले असेल तर हा धोका वाढतो. म्हणून तोंडाने द्रव देणे चालू ठेवतात.

औषध लागू पडते आहे हे कशावरून कळेल? घाम थांबण्यावरून नाही, कारण प्राझोसिनची ती ओळच नाही. हातपाय गरम होऊ लागले का ते पाहायचे, कारण तीच अल्फा-१ ची बाहेरून दिसणारी खूण आहे. त्यासोबत रक्तदाब, ठोके, श्वासाची गती आणि छातीतील आवाज ठराविक वेळाने नोंदवायचे. हातपाय गारच राहिले तर साधारण तीन तासांनी मात्रा पुन्हा दिली जाते.

इथे तक्त्याची मर्यादाही समजते. प्राझोसिन रिसेप्टर अडवते, विष काढत नाही. तंतूंवर विष असेपर्यंत रसायन सुटतच राहते. विष निष्प्रभ करण्याचे काम प्रतिविषाचे. महाड येथे झालेल्या आणि २०११ मध्ये 'बीएमजे'मध्ये आलेल्या ७० रुग्णांच्या चाचणीत प्राझोसिन एकटे आणि प्राझोसिन अधिक विंचवाचे प्रतिविष अशी तुलना केली होती. १० तासांत पूर्ण बरे झालेल्यांचे प्रमाण दोन्ही मिळालेल्या गटात सुमारे ९१ टक्के, तर फक्त प्राझोसिन मिळालेल्या गटात सुमारे २३ टक्के होते. एक उपाय तक्त्याच्या मागे काम करतो, दुसरा तक्त्यावर.

रुग्ण फार उशिरा आला, रक्तदाब कोसळलेला आहे आणि फुप्फुसांत पाणी आहे, तर चित्र बदलते. आता हृदयाला जोर हवा, म्हणून बीटा-१ ची ओळ पाहा: तिथे डोब्युटामिन आहे. आजार तोच, पण रुग्ण कोणत्या टप्प्यावर आहे त्यावर ओळ बदलते.

(हे आकडे अभ्यासासाठी आहेत. प्रत्यक्ष उपचार रुग्णालयातील ठरलेल्या पद्धतीनुसार आणि वरिष्ठांच्या देखरेखीखालीच करायचे असतात.)

६. जवळजवळ तसाच दिसणारा दुसरा रुग्ण

त्याच रात्री शेतातून दुसरा रुग्ण येतो. तोही घामाने भिजला आहे, तोंडातून लाळ आणि फेस येतो आहे, उलट्या होत आहेत. त्याच्या पोटात ऑर्गॅनोफॉस्फरस गटातले कीटकनाशक गेले आहे.

हे विष वेगळ्या ठिकाणी काम करते. अ‍ॅसिटिलकोलिनचे विघटन करणारे विकर, म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज, ते निकामी करते. त्यामुळे फक्त अ‍ॅसिटिलकोलिन साचते, पण जिथे जिथे ते सुटते तिथे सर्वत्र साचते. तक्त्याच्या शेवटच्या तीन ओळी एकदम चालू होतात. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते (एम-३), श्वासनलिकेत स्राव भरतो (एम-३), ठोके बहुधा मंद असतात (एम-२), स्नायू फडफडतात आणि मग शक्ती जाते (निकोटिनिक).

घाम, लाळ, उलटी आणि छातीतील खरखर दोन्ही रुग्णांत आहे, म्हणून त्यांवरून फरक करता येत नाही. छातीतील आवाज तर फसवा आहे: एकात तो ग्रंथींच्या स्रावाचा, दुसऱ्यात थकलेल्या हृदयामुळे पाझरलेल्या पाण्याचा. फरक करायचा तो बाहुली, हातपाय, रक्तदाब आणि स्नायूंची फडफड यांवरून. लहान बाहुली आणि फडफडणारे स्नायू कीटकनाशकाकडे बोट दाखवतात. गार हातपाय आणि चढलेला रक्तदाब विंचवाकडे. मात्र गँग्लियनमध्येही निकोटिनिक रिसेप्टर असल्यामुळे कीटकनाशकाच्या काही रुग्णांत ठोके जलदही असतात, म्हणून एका लक्षणावर विसंबू नका, ओळींचा संच जुळतो का ते पाहा.

या दुसऱ्या रुग्णाला अ‍ॅट्रोपिन हवेच, आणि बऱ्याचदा मोठ्या प्रमाणात. ते किती द्यायचे हेही तक्ताच सांगतो. जीव श्वासनलिकेतील स्रावाने जातो, म्हणून छाती स्वच्छ ऐकू येईपर्यंत आणि ठोके व रक्तदाब सुरक्षित पातळीवर येईपर्यंत अ‍ॅट्रोपिन वाढवतात. बाहुली मोठी होण्याची वाट पाहत बसत नाहीत. आणि अ‍ॅट्रोपिनने छाती स्वच्छ झाली तरी स्नायूंची दुर्बलता राहू शकते, कारण निकोटिनिक ओळ अ‍ॅट्रोपिनच्या रकान्यात नाही. श्वासाचे स्नायू थकले तर कृत्रिम श्वास द्यावा लागतो. रुग्णाची छाती स्वच्छ आहे पण मान उचलता येत नाही, हे लक्षण त्या धोक्याची सूचना आहे.

७. तक्ता कुठे चुकवतो

एका ठिकाणी सावध राहा. तक्ता रिसेप्टरवर थेट होणारा परिणाम सांगतो, शरीर त्याला देणारे उत्तर सांगत नाही. निरोगी माणसाला शिरेतून नॉरअ‍ॅड्रिनॅलिन दिले तर बीटा-१ ची ओळ वाचून ठोके वाढतील असे वाटते. प्रत्यक्षात ठोके बहुधा मंदावतात. अल्फा-१ मुळे रक्तदाब चढतो, मानेतील धमनीजवळचे दाब ओळखणारे संवेदक ते टिपतात आणि व्हेगस चेतेमार्फत एम-२ चालू होतो. म्हणजे उत्तर तक्त्यात आहेच, पण ते दुसऱ्या ओळीतून फिरून येते. म्हणून प्रत्येक औषधाबाबत थेट परिणाम लिहिल्यावर विचारा: यामुळे रक्तदाब बदलला का, आणि बदलला असेल तर हृदय काय उत्तर देईल?

स्वाध्याय

पुढील प्रश्नांची उत्तरे आधी तक्ता १ वरून स्वतः काढा, मग खाली पाहा.

१. प्रोस्टेट वाढलेल्या एका वृद्धाला प्राझोसिन सुरू केले. पहिली मात्रा रात्री झोपताना घ्यायला का सांगतात?

२. वरील नॉरअ‍ॅड्रिनॅलिनच्या प्रयोगात आधी अ‍ॅट्रोपिन दिले असेल तर ठोक्यांचे काय होईल?

३. दम्याच्या रुग्णाला रक्तदाबासाठी प्रोप्रानोलोल का टाळतात?

उत्तरे

१. मूत्राशयाच्या तोंडाशी असलेला अल्फा-१ बंद होऊन लघवी मोकळी होते, तोच रिसेप्टर शिरांतही बंद होतो. उभे राहिल्यावर रक्तदाब घसरून चक्कर येऊ शकते. पहिल्या मात्रेला हा परिणाम जास्त असतो, म्हणून ती आडवे असताना घ्यायची. विंचूदंशातील मुलाला आडवे ठेवण्याचे कारण हेच आहे.

२. फिरून येणारी वाट एम-२ ची होती. ती अ‍ॅट्रोपिनने बंद झाली, म्हणून आता बीटा-१ चा थेट परिणाम दिसेल आणि ठोके वाढतील. विंचूदंशात अ‍ॅट्रोपिन दिल्यावर ठोके वाढतात ते याच कारणाने.

३. प्रोप्रानोलोल बीटा-२ ही बंद करते. श्वासनलिका सैल ठेवणारी ओळ बंद होते आणि एम-३ चे आकुंचन उरते. शिवाय त्या रुग्णाला झटका आला तर साल्ब्युटामॉल ज्या रिसेप्टरवर काम करणार तोच अडवलेला असतो.